‘छापा’ म्हणायच्या आधी: नावाच्या भेटवस्तू आणि पत्रिकांची ऑर्डर कशी घ्यायची, प्रूफ कसं मंजूर करून घ्यायचं

फोटोच्या मगला आमच्याकडे सगळे कपच म्हणतात, म्हणून मीही कपच लिहिते. या कपावर छापलेलं नाव पुसता येत नाही. उष्णतेने शाईची वाफ होते आणि ती कपाच्या थरात मुरते. वर बसलेला रंग असता तर खरडता आला असता. म्हणजे एक वेलांटी चुकली की कप वाया, आणि तो दुसऱ्या कुणाला विकताही येत नाही, कारण त्यावर कुणाच्या तरी पोरीचं नाव असतं.

दुकान सुरू केलं त्या वर्षी मी ‘शर्वरी’ नावाचे वीस कप ‘शवर्री’ करून ठेवले होते. गिऱ्हाईकाने प्रूफ बरोबर तपासलं होतं आणि होकारही दिला होता. नंतर मीच ती फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली. तिथे तो फॉन्ट नव्हता. सॉफ्टवेअरने गुपचूप दुसरा फॉन्ट लावला आणि रफार एक अक्षर पुढे सरकला. पहिल्या कपावर ते माझ्या लक्षातही आलं नाही, कारण नाव माहीत असलं की डोळा अक्षरं वाचत नाही, नुसतं नाव ओळखतो. तेव्हापासून ऑर्डर घेण्यापासून मशीन तापवण्यापर्यंतची एक रीत बसवली आहे. बेळगावसारख्या गावात एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही नांदतात, त्यामुळे ती रीत आम्हाला थोडी जास्तच काटेकोर ठेवावी लागते. गेल्या वर्षीची एक बारशाची ऑर्डर घेऊन ती सांगते.

ऑर्डर ऐकताना विचारायचं

5 नोव्हेंबर 2025 ला, बुधवारी, खानापूरहून एक बाई आल्या. भाचीचं बारसं, सव्वा महिना झाल्यावर करायचं ठरलेलं. पाहुण्यांना देण्यासाठी फोटोचे 45 कप आणि वाटायला 80 निमंत्रणपत्रिका. या बाई आत्या, म्हणजे नाव ठेवण्याचा मान त्यांचा. बसल्या बसल्या पहिलं वाक्य: “नाव कुणालाच कळता कामा नये बघा अक्का.”

असं वाक्य कानावर पडलं की वही उघडायची. मजकूर, फोटो, डिझाईन हे सगळं नंतर. आधी चार गोष्टी लिहून घ्यायच्या: नेमके किती प्रकार आणि प्रत्येकाचे किती नग, माल हातात कधी हवा, होकार देणारा एक माणूस कोण, आणि काही गुपित आहे का.

पहिल्या प्रश्नावर बाई म्हणाल्या, पंचेचाळीस सारखेच. थोडं खोदल्यावर कळलं की मुलीच्या आईचं माहेर गोकाककडचं, कन्नड बोलणारं. “त्यांच्यासाठी पंधरा कन्नडात करा की मग.” म्हणजे 30 मराठी आणि 15 कन्नड. छपाई झाल्यावर हे कळलं असतं तर पंधरा कप जास्तीचे झाले असते. म्हणून मी नुसतं ‘किती?’ विचारत नाही. ‘कुणाकुणाला देणार?’ असं विचारते. लोक संख्या अंदाजाने सांगतात, पण माणसं बरोबर मोजतात.

तारखेच्या प्रश्नात एक मेख असते. गिऱ्हाईक कार्यक्रमाची तारीख सांगतं, मला हातात द्यायची तारीख हवी असते. बारसं 23 तारखेला होतं. कप 22 ला मिळाले तरी चालले असते, पण पत्रिका वाटायला आठवडा तरी लागणार. म्हणून दोन्हीसाठी 14 नोव्हेंबर, शुक्रवार, अशी तारीख धरली. जाता जाता एक सांगते. 1 नोव्हेंबरला मी कुणालाच माल द्यायचा शब्द देत नाही. त्या दिवशी शहरात राज्योत्सवाच्या मिरवणुका असतात, काळा दिनही असतो, आणि खानापूर-निपाणीकडून आलेला माणूस दुकानापर्यंत पोचेल याची खात्री नसते.

होकार देणारा माणूस एकच ठरवायचा हा नियम मला सगळ्यात महाग शिकावा लागला. घरच्या ग्रुपवर प्रूफ टाकलं की सहा उत्तरं येतात. काकांना फोटो मोठा हवा, मावशीला फुलं नकोत, आणि कुणीतरी ‘मस्त’ म्हणून अंगठा दाखवतं. तो अंगठा कशाला होता, हे नंतर कुणालाच आठवत नाही. म्हणून ऑर्डरच्या पावतीवरच लिहायचं: मंजुरी कुणाची, त्यांचा नंबर कोणता. घरात हवी तेवढी चर्चा करा, पण दुकानाशी बोलणारं तोंड एक. या ऑर्डरीत ते आत्याच होत्या, आणि गुपितामुळे ते सोपंही झालं.

गुपिताचं आणखी एक टोक असतं, ते सहसा सुचत नाही. तयार माल आपण हौसेने व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लावतो. आपला नंबर मात्र अर्ध्या गावाकडे असतो, त्यात त्या घरचे चुलतेही असतात. म्हणून अशा ऑर्डरीच्या पावतीवर मी लाल पेनाने ‘स्टेटस नाही’ असं लिहिते, आणि कामाला असलेल्या पोरालाही ते दाखवून ठेवते.

पैसे कधी घ्यायचे हेही इथेच ठरवायचं. कप 170 रुपयांना, पत्रिका 20 रुपयांना, एकूण 9,250. त्यातले निम्मे, 4,625, मजकूर घ्यायच्या आधी. प्रूफ पाहून अॅडव्हान्स देते म्हणणारी गिऱ्हाइकं पुष्कळ, पण प्रूफ बनवणं हेच निम्मं काम असतं, आणि ते प्रूफ घेऊन शेजारच्या गल्लीत छापून घेणारेही भेटले आहेत. प्रूफवर आडवं, फिकट ‘नमुना’ असं लिहून पाठवायचं. फक्त ते अक्षरांवर येऊ द्यायचं नाही, नाहीतर त्याच्याखालीच चूक लपते.

मजकूर घ्यायचा तो टाईप केलेलाच

फोनवर सांगितलेलं नाव लिहून घ्यायचं नाही. आवाजी मेसेजवरूनही नाही. ‘दीपक’ आणि ‘दिपक’ कानाला सारखेच, आणि दोन्ही लिहिणारी माणसं आहेत. शुद्धलेखनाने पहिलं बरोबर, पण ज्याच्या आधार कार्डावर आणि दारावरच्या पाटीवर दुसरं आहे, त्याच्यासाठी तेच बरोबर. नाव सुधारायचा अधिकार आपल्याला नाही. शंका आली तर विचारायचं एवढंच.

गिऱ्हाइकाला मी एक तयार मेसेज पाठवते आणि त्यातच भरून परत पाठवायला सांगते. बारशाचा असा आहे:

ऑर्डर नंबर:
कपावरचं नाव (जसं हवं तसंच लिहा):
नावाखाली काही ओळ हवी का:
बारशाचा वार आणि तारीख (महिना अक्षरात):
वेळ:
ठिकाण, पूर्ण पत्ता:
पत्रिकेवर गावाचं नाव कसं लिहायचं:
निमंत्रकांची नावं, ज्या क्रमाने हवीत त्या क्रमाने:
प्रत्येक नावापुढे श्री., सौ., श्रीमती, कै. यांपैकी काय:

‘महिना अक्षरात’ यासाठी की 8/11 कुणी उलटंही वाचू शकतं. वार यासाठी की वार आणि तारीख एकमेकांची साक्ष देतात. आत्यांनी भरून पाठवलं: ‘शनिवार, 23 नोव्हेंबर’. कॅलेंडर पाहिलं तर 23 ला रविवार. दोन्हींतलं एक चुकलेलं, आणि कोणतं ते मी ठरवू शकत नाही. फोन केला. बारसं रविवारीच होतं, शनिवारी आचारी येणार होता, म्हणून त्यांच्या डोक्यात शनिवार बसलेला. नुसती तारीख घेतली असती तर ती बरोबरच छापली गेली असती हे खरं. पण तारीख चुकून वार बरोबर, असंही तितक्याच वेळा होतं.

गावाच्या नावाचा प्रश्न बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे, मराठी घरात बेळगाव आहे, आणि पत्रिकेवर काय हवं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी माझ्या मनाने एक टाकलं आणि दुसरं हवं असलं, तर ती शुद्धलेखनाची चूक म्हणून कुणी सोडून देत नाही. म्हणून आधीच विचारलेलं बरं. आत्यांनी पत्रिकेवर ‘जि. बेळगाव’ लिहिलं.

आता शेवटची ओळ. माझ्या मते बारशाच्या आणि लग्नाच्या पत्रिकेत सगळ्यात धोक्याची हीच. आत्यांनी मुलीच्या आजोळची नावं तिकडून मागवून तशीच पुढे पाठवली होती. त्यात आजीच्या नावापुढे ‘श्रीमती’ होतं आणि त्याच ओळीत आजोबांचं नाव ‘श्री.’ लावून. कन्नडात सवाष्ण बाईच्या नावापुढेही श्रीमती लिहितात, त्यात काही वावगं नाही. पण मराठी पत्रिकेत श्रीमती म्हटलं की वाचणारा बहुधा नवरा नसलेली बाई समजतो. आजोबा हयात आणि आजी श्रीमती! खानापुरातल्या पहिल्याच घरात कुणीतरी “अगं बाई, कधी गेले?” म्हणालं असतं. आत्यांना दाखवलं, त्यांनी कपाळावर हात मारला आणि ‘सौ.’ करायला सांगितलं. अक्षर एकही चुकलेलं नव्हतं. म्हणून प्रूफ वाचताना दोन कन्नड-मराठी घरं एकत्र येत असतील तर या पदव्या वेगळ्या वाचायच्या, आणि हयात-मयताची खात्री तोंडी विचारून करायची. विचारायला अवघड वाटतं, पण विचारायचं.

कन्नड नाव म्हणजे मराठी नावाचं नुसतं लिप्यंतर नाही

बाळाचं नाव ओवी. मराठीत दोन अक्षरं, चुकायला जागाच नाही. कन्नडात मात्र ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन असतात, त्यांची अक्षरंही वेगळी. आमच्या पोराने फोनवर इंग्रजी अक्षरं दाबून कन्नड उमटवलं तर ऱ्हस्व ओ आला. दिसायला जवळजवळ सारखाच, पण कन्नड वाचणारा तो तुटक उच्चारतो. इथे दीर्घ ओ हवा होता.

उलट शेवटच्या ‘वी’चं. मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहायची आपल्याला सवय, म्हणून कन्नड प्रूफमध्ये ऱ्हस्व दिसला की हात शिवशिवतात. पण कन्नडात गौरी, लक्ष्मी अशी नावं शेवटी ऱ्हस्व इकारानेच लिहिली जातात. तिथे ‘दुरुस्ती’ केली की ती आपली चूक.

यावर माझा उपाय साधा आहे. कन्नड नाव ज्यांच्या घरचं आहे, त्यांच्यापैकी एकाने कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून त्याचा फोटो पाठवायचा. इथे बाळाच्या आईने लिहून पाठवलं. त्यात दीर्घ ओ आणि ऱ्हस्व वि असंच होतं. मी कन्नड वाचते, पण माझ्या वाचण्यावर मी छापत नाही. समोरच्या औषधाच्या दुकानातले काका कन्नड शाळेत शिकलेले. प्रूफ त्यांच्यापुढे धरते आणि काहीही न सांगता वाचायला लावते. ते जे मोठ्याने वाचतील ते मला हवं तेच आहे का, एवढंच मी ऐकते. ‘हे ओवी आहे ना?’ असं विचारलं तर कुणीही होच म्हणतं.

फोटो

फोटोबाबत एकच हिशेब समजून घेतला की पुरतो. नेहमीच्या 11 औंसाच्या कपाला साधारण 20 सेंमी रुंद आणि 9 सेंमी उंच कागद लागतो. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, लांब बाजू बहुतेक 1600 पिक्सेलच्या आसपास. नुसत्या बाळाचा फोटो असेल तर एवढं पुरतं. अडचण येते ती घोळक्यातलं बाळ कापून घेताना. आत्यांनी पाठवलेल्या पहिल्या फोटोत सात माणसं होती आणि बाळ रुंदीच्या पाचव्या भागात, म्हणजे 320 पिक्सेलांत. तेवढं 8 सेंमी रुंद छापलं तर इंचाला शंभरच पिक्सेल येतात. मोबाईलवर ते छान दिसतं, कपावर चेहरा लोण्यासारखा वितळलेला. कापून झाल्यावर इंचाला 150 पिक्सेल ही माझी खालची हद्द, 300 मिळाले तर उत्तम.

म्हणून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगायचं. आत्यांना ते जमेना, तेव्हा ज्याच्या मोबाईलवर काढला त्या भावाकडून थेट मागवला. स्टुडिओचा शिक्का असलेला फोटो आला तर मी स्टुडिओची परवानगी विचारते, आणि कार्टूनमधली चित्रं छापायला नाहीच म्हणते.

प्रूफ कशाचं आणि कसं

प्रूफ म्हणून डिझाईनच्या स्क्रीनचा फोटो पाठवायचा नाही. जी फाईल छापायला जाणार तिचंच प्रूफ करायचं. मी आधी सगळी अक्षरं आकारांत बदलून घेते, कोरलमध्ये त्याला कर्व्ह करणं म्हणतात. मग पीडीएफ काढते, ती पीडीएफ उघडते आणि तिच्यावरून गिऱ्हाइकाला चित्र पाठवते. अक्षरांचे आकार झाले की फॉन्ट असो वा नसो, रफार हलत नाही. माझे ‘शवर्री’ कप या एका पायरीने वाचले असते. एक कॉपी बदलता येण्याजोग्या अक्षरांची ठेवायची, पण ती फक्त पुढच्या दुरुस्तीसाठी.

दुसरा सापळा जुन्या फॉन्टचा. गिऱ्हाइकाचा मजकूर युनिकोडमध्ये येतो, आणि डीटीपीतले बरेच सुंदर मराठी फॉन्ट युनिकोड नसतात. तिथे मजकूर चिकटवला की चौकोन किंवा भलतंच काही उमटतं, आणि पुन्हा टाईप करावं लागतं. पुन्हा टाईप केलेला प्रत्येक शब्द नवा धोका. म्हणून निमंत्रणाचा मोठा मजकूर मी युनिकोड फॉन्टमध्येच ठेवते आणि सुशोभित जुना फॉन्ट फक्त मोठ्या मथळ्याला वापरते. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. वयस्कर गिऱ्हाइकांना ते खुपतं आणि नेमकं काय खुपतंय ते सांगता येत नाही. “अक्षर आपलं वाटत नाही,” असं म्हणाले की मी आधी ते दोन पाहते.

कपाचं प्रूफ एका सपाट पट्टीचं पाठवलं तर गिऱ्हाइकाला कळत नाही की काय कुठे येणार. उजव्या हाताने कपाचा कान धरला की पिणाऱ्यासमोर पट्टीचा उजवा भाग येतो आणि समोर बसलेल्याला डावा भाग दिसतो. मधला भाग कानाच्या विरुद्ध बाजूला जातो. आत्यांना फोटो मधोमध हवा होता. तीन बाजूंची तीन चित्रं पाठवली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मग पिणाऱ्याला फोटोची नुसती कड दिसणार. फोटो उजवीकडे आणि नाव डावीकडे असं ठरलं. छापताना चित्र आरशासारखं उलटं करावं लागतं, ते उलटं चित्र मात्र गिऱ्हाइकाकडे कधीच जाऊ द्यायचं नाही.

छापलेल्या कागदाचा फोटोही प्रूफ म्हणून चालत नाही. ही शाई कागदावर मळकट दिसते, रंग खुलतो तो उष्णता दिल्यावर. मोबाईलच्या उजेडातला गुलाबी आणि कपावरचा गुलाबी एक नसतो, हे मी प्रूफसोबत लिहूनच देते. दहाच्या वर कप असतील तर मजकूर मंजूर झाल्यावर एक खरा कप करून त्याचा खिडकीच्या उजेडातला फोटो पाठवते. एका कपाचा खर्च माझा, त्याची काळजी वाटत नाही.

पत्रिकेला कापण्याची जागा दाखवायची. 5 बाय 7 इंचाच्या पत्रिकेला चारही बाजूंनी 3 मिलिमीटर रंग बाहेर सोडते आणि अक्षरं कडेपासून 5 मिलिमीटर आत ठेवते. प्रूफ कापल्यानंतर दिसेल तेवढंच पाठवायचं, नाहीतर “कडेला एवढी जागा होती की” असं ऐकावं लागतं. आणि या पत्रिकेवर, अर्थातच, बाळाचं नाव नव्हतं. ‘आमच्या कन्येचे नामकरण’ एवढंच.

प्रत्येक प्रूफला नंबर असतो आणि तो चित्रावरच छापलेला असतो. फाईलची नावंही तशीच, सुरुवातीला ऑर्डरचा नंबर, इथे 118:

```
118_cup_mr_v2.pdf
118_cup_kn_v2.pdf
118_card_v3.pdf
```

व्हॉट्सअॅपवर वर-खाली करताना गिऱ्हाईक सहज जुनं प्रूफ उघडून त्याला हो म्हणतं. नंबर चित्रावर असला की ते लगेच कळतं.

होकार

प्रूफसोबत मी ‘पाहा’ असं लिहीत नाही. पाहिलं की सगळं छानच दिसतं. काय तपासायचं ते नेमकं लिहिते: नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, तारीख आणि वार कॅलेंडरशी जुळवा, नावांपुढच्या पदव्या वाचा, नग मोजा. आणि उत्तर कसं हवं तेही देते: ‘118, कप दुसरं प्रूफ, मराठी 30, कन्नड 15, तपासलं, छापा.’ हेच शब्द कॉपी करून पाठवायचे. अंगठा, हात जोडलेलं चित्र, ‘ओके’ हे होकार धरत नाही. फोनवरचा ‘हो’ही नाही.

रविवारी, 9 तारखेला, पत्रिकेचं तिसरं प्रूफ गेलं, तेव्हा आत्या वैतागल्या. “छापा की ओ आता, किती तपासतासा!” मी म्हटलं, अक्का, हेच वाक्य नंबर घालून लिहून पाठवा. सोमवारी सकाळी मेसेज आला. ती वेळ पावतीवर लिहिली. मेसेजचा स्क्रीनशॉट त्या ऑर्डरीच्या फोल्डरमध्ये गेला, कारण मोबाईल बदलला की गप्पा जातात.

दोन दुरुस्त्या मी फुकट करते, तिसरीपासून पैसे घेते. माझी चूक असेल तर ती मोजत नाही. मंजुरीनंतर एक स्वल्पविराम जरी बदलला तरी नवा नंबर, नवं प्रूफ, नवा होकार. हा नियम गिऱ्हाइकापेक्षा माझ्यासाठी आहे. छापायच्या क्षणी “हे जरा डावीकडे घेतलं तर” असं वाटतं ते मलाच.

छापताना

पत्रिका मी बाहेर छापून घेते. त्यामुळे छापखान्याला मंजूर पीडीएफच द्यायची आणि पहिला कागद निघाला की तिथे उभं राहून मंजूर प्रूफच्या शेजारी धरायचा. कप घरचे. माझ्या मशीनवर 180 अंश सेल्सियसला तीन मिनिटं लागतात, चढवणं-उतरवणं धरून कपामागे पाच मिनिटं. 45 कपांना चार तास लागले. दुसऱ्या मशीनचे आकडे वेगळे असतील, आपल्या मशीनवर करून पाहूनच ठरवावेत. रंग फिका आला तर उष्णता किंवा वेळ कमी पडली, अक्षरांच्या कडा धुरकट झाल्या तर कागद हलला किंवा वेळ जास्त झाली.

मराठीचे तीस पूर्ण संपवून टेबल रिकामं करायचं, मगच कन्नड कागद बाहेर काढायचे. दोन्ही एकदम मांडले की एकोणतीस आणि सोळा होतात, हे अनुभवाने सांगते. पाचेक कोरे कप जास्तीचे मागवून ठेवायचे, कारण एखादा तडकतो, एखाद्यावर ठिपका येतो.

तरीही चुकलं तर

मंजूर प्रूफ आणि छापलेला माल शेजारी ठेवायचे. मालात वेगळं काही असेल तर चूक दुकानाची, विनातक्रार आणि विनापैसे नवीन करून द्यायचं. प्रूफमध्येच चूक होती आणि ती मंजूर झाली असेल, तर मी कोऱ्या मालाचा खर्च घेते, मजुरी सोडते. ही अट पावतीवर मराठी आणि कन्नड दोन्हींत छापलेली आहे. मंजुरी मिळाली म्हणून सगळं गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकावं, हे मला पटत नाही. आजीच्या ‘श्रीमती’सारखी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली असती, तर कागदावर मी सुटले असते, पण खानापुरातून पुन्हा ऑर्डर आली नसती.

14 तारखेला माल गेला, पंधरा कन्नड कपांच्या खोक्यावर निळी चिकटपट्टी लावून आणि सगळी खोकी बंद करून, म्हणजे घरी कुणी उघडून नाव वाचू नये. बाळाचे फोटो मी आठवडाभराने पुसते, मंजूर फाईल तेवढी ठेवते, कारण चार कप कमी पडले असा फोन हमखास येतो.

23 तारखेला दुपारी पाळणा झाला. रात्री साडेआठला आत्यांचा मेसेज आला: “आता लावा स्टेटस.”